दुःखात सहभागी : तोरिनोला पाठवलेला एक छोटा शोकसंदेश



परदेशात नोकरी करताना आपण सगळेच इंग्रजीतून शोक व्यक्त करायला शिकलो आहोत. ऑफिसमध्ये कार्ड फिरतं, त्यावर 'सॉरी फॉर युअर लॉस' लिहून खाली सही केली की झालं. पण ज्या घरी दुःख झालंय तिथे इंग्रजी वाचणारं कुणी नसेल तर? मागच्या फेब्रुवारीत आमच्यावर अशीच वेळ आली. सहा ओळींचा संदेश इटालियनमध्ये लिहायचा होता आणि त्यासाठी हातात एक संध्याकाळ होती. त्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली : अशा वेळी मराठीतून इटालियनकडे जायला सरळ वाट आहे, आणि इंग्रजीतून गेलं की माणूस हमखास रस्ता चुकतो. हे कसं, ते सविस्तर सांगतो. इटालियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीतच देतोय, म्हणजे वाचताना अडायला होणार नाही.

आधी पार्श्वभूमी. आमची टीम इंग्लंडमध्ये रेडिंगला बसते, आणि सर्व्हरचं निम्मं काम इटलीत तोरिनोच्या ऑफिसातून चालतं. तिथला एक सहकारी एकोणपन्नासाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. त्याचं नाव इथे देत नाही. मागे बायको, दोन शाळकरी मुली आणि ऐंशी ओलांडलेली आई. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, पण सहा वर्षं रोज त्याचा आवाज फोनवर ऐकला होता. मी स्वतः दोन वर्षं तोरिनोत काढली आहेत, त्यामुळे 'तुला इटालियन येतं ना, तूच लिही' असं म्हणून काम माझ्याकडे आलं.

घाईचं कारण साधं होतं. इटलीत मृत्यूनंतर साधारणपणे चोवीस तास थांबावं लागतं, तसा नियमच आहे, आणि मग बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत अंत्यविधी उरकतो. इंग्लंडमध्ये हेच काम दोन-तीन आठवड्यांवर जातं, त्यामुळे इथल्या मॅनेजरला वाटलं की सोमवारी निवांत पाठवू. तोरिनोच्या साहेबांकडून कळलं की चर्चमधला विधी परवा सकाळी आहे. म्हणजे संदेश आज रात्री गेला तर उद्या छापून, पाकिटात घालून घरी पोचणार होता.

मॅनेजरने तोवर इंग्रजी मजकूर तयार केला होता. तुमच्या हानीबद्दल आम्हाला अतिशय वाईट वाटतं, तो आमच्या टीमचा मौल्यवान सदस्य होता, आमचे विचार आणि प्रार्थना तुमच्यासोबत आहेत, अशा अर्थाची तीन वाक्यं. इंग्रजीत त्यात काहीच वावगं नाही. टीममधल्या एका उत्साही मुलाने शब्दकोश घेऊन त्याचं शब्दाला शब्द लावून इटालियन केलं आणि मला तपासायला दिलं. व्याकरण जवळजवळ निर्दोष होतं. पण ते जसंच्या तसं गेलं असतं तर पंचाईत झाली असती.

पहिलंच वाक्य बघा : 'स्यामो स्पियाचेंती पेर ला व्होस्त्रा पेर्दिता'. 'स्यामो स्पियाचेंती' म्हणजे 'आम्ही दिलगीर आहोत', पण इटलीत राहिलेल्या माणसाच्या कानात हे शब्द कुठे बसलेले असतात? सेवा तूर्त उपलब्ध नाही, तुमचा अर्ज स्वीकारता येत नाही, अशा ठिकाणी. ही कंपनीने गिऱ्हाइकाला दाखवायची दिलगिरी आहे. आणि 'पेर्दिता' म्हणजे हानी खरी, पण नुसतं 'तुमची पेर्दिता' म्हटलं, कोणाची ते सांगितलं नाही, की ताळेबंदातला तोटाही तोच आणि नळाची गळतीही तीच. 'तुमच्या प्रियजनाची पेर्दिता' असं पूर्ण म्हटलं तर चालतं. अर्धवट म्हटलं तर डब केलेल्या अमेरिकन सिनेमातला संवाद वाटतो. 'मौल्यवान सदस्य' हे तर एचआरच्या पत्रातलं वाक्य. माणूस गेल्यावर त्याच्या आईला तो चांगला 'रिसोर्स' होता असं कुणी सांगतं का?

माझी इटालियन कामचलाऊ आहे, शोकसंदेशाइतकी नाजूक नाही. म्हणून आमच्या अकाउंट्समधल्या नापोलीच्या बाईंना थांबवून घेतलं. पन्नाशीच्या आहेत, इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत आणि स्पष्ट बोलतात. त्यांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे बाजूला ठेवा. तुमच्या गावी अशा वेळी काय लिहितात? तुमच्या भाषेत लिहा आणि मला एकेक वाक्य समजावून सांगा."

मग मी मराठीत लिहिलं. आपल्याकडे अशा पत्राचा साचा ठरलेलाच आहे, त्यामुळे पाच मिनिटांत झालं :

"सर्व कुटुंबीयांस, ... यांच्या निधनाची वार्ता कळून अतीव दुःख झालं. सहा वर्षं आम्ही त्यांच्यासोबत काम केलं. अडलेल्याला न चिडता समजावून सांगणं हा त्यांचा स्वभाव होता आणि त्यामुळेच आमच्यातले बरेच जण काम शिकले. त्यांची उणीव आम्हाला सतत भासेल. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

आता गंमत म्हणा किंवा योगायोग, पण ह्यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर प्रत्येकाला इटालियनमध्ये तयार जोडीदार सापडला.

सुरुवात संबोधनापासून. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण, तसं इटालियनमध्ये 'तू' आणि 'लेई'. 'तू' हा उच्चारासकट आपलाच 'तू'. 'लेई'चा शब्दशः अर्थ 'ती', पण आदराने बोलताना समोरच्याला, मग तो पुरुष असो की बाई, 'लेई' म्हणतात. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने 'लेई' बंद करून 'व्होई' वापरायचा फतवा काढला होता. राजवट गेली, लेई राहिला. दक्षिणेत मात्र वडीलधाऱ्यांना आदराने 'व्होई' म्हणायची जुनी रीत वेगळीच आहे. आमच्या बाई आजीला व्होईच म्हणत असत.

आमची अडचण अशी की बायकोला 'तू' म्हणावं की 'लेई', आईला तर 'लेई'च, आणि मुली लहान. एकाच कागदावर हे तिन्ही कसं बसवायचं? उत्तर सोपं निघालं. पत्र एका व्यक्तीला न लिहिता कुटुंबाला लिहायचं. अनेकवचनात तू आणि लेई ह्यांचा भेद राहत नाही, दोन्हींचं 'व्होई' होतं, आणि आदर दाखवायचा तर 'व्होस्त्रो' म्हणजे 'आपला', 'व्ही' म्हणजे 'आपणांस', ह्या शब्दांचं पहिलं अक्षर वाक्याच्या मध्येसुद्धा मोठं लिहायचं. कामकाजाच्या पत्रात आजकाल हे थोडं जुनाट वाटतं, शोकपत्रात शोभतं.

कुटुंबाला लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे, तो परक्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. इटलीत लग्नानंतर बाई कागदोपत्री माहेरचंच आडनाव वापरते. १९७५ च्या कौटुंबिक कायद्यानुसार ती नवऱ्याचं आडनाव आपल्या नावाला जोडू शकते, पण तिचं स्वतःचं जात नाही, आणि व्यवहारात बहुतेक जणी जोडतही नाहीत. म्हणजे 'सिन्योरा' लिहून पुढे सहकाऱ्याचं आडनाव टाकलं तर ते कदाचित तिचं नसेलच, ते तिच्या सासूचं तर मुळीच नाही. 'आल्ला फामील्या', म्हणजे 'कुटुंबास', आणि पुढे आडनाव, असं लिहिलं की सगळे त्यात आले.

मग 'निधनाची वार्ता'. 'मोर्ते' म्हणजे मृत्यू हा शब्द जवळची माणसं आपसात बोलताना वापरतात, बाहेरच्याने लिहिताना टाळावा. 'देचेस्सो' दाखल्यावरचा शब्द आहे, आपला 'मयत' जसा. आपण आपल्या स्नेह्याच्या घरी 'तुमचे मयत वडील' असं लिहू का? तसंच ते. संदेशासाठी शब्द आहे 'स्कोम्पार्सा'. त्याचा मूळ अर्थ 'दिसेनासं होणं', आणि बातमीत माणूस बेपत्ता झाला तरी तोच शब्द येतो, संदर्भाने कळतं. मी 'अकाली' हा शब्दही घालणार होतो, कारण 'प्रेमातूरा स्कोम्पार्सा' हा तिथला रूढ शब्दप्रयोग आहे, आपल्या 'अकाली निधन'सारखाच. बाईंनी तो खोडला. म्हणाल्या, "एकोणपन्नास म्हणजे लवकर झालं, हे त्याच्या आईला आपण सांगायचं?" मला ते पटलं.

इथे मराठी आणि इटालियनमधला एक फरक आड आला. मी गेलेल्या सहकाऱ्याला 'त्यांनी, त्यांची' असं आदरार्थी बहुवचन वापरलं होतं. एरवी तो माझा अरे-तुरेतला मित्र, पण त्याच्या आईला लिहिताना आपण 'तो' म्हणत नाही. इटालियनमध्ये ही सोय नाही. गेलेला माणूस पंतप्रधान असो की शेजारी, तो 'लुई', म्हणजे 'तो'च. मग तो आदर कुठे ठेवायचा? तो शब्दांच्या निवडीत जातो. 'कळलं' ह्यासाठी साधं 'साप्यूतो' न म्हणता 'आप्प्रेझो', आणि नावाआधी 'नोस्त्रो कारो', म्हणजे 'आमचा प्रिय'. मराठीत शोकसंदेशात 'आमचे प्रिय' जरा भाषणबाज वाटतं, तिथे ते सरळ आहे.

'उणीव भासेल' हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. इंग्रजीत 'मिस' करणारा कर्ता 'आम्ही', आणि तो माणूस कर्म. मराठीत तसं नाही : आपल्याला उणीव भासते, आपल्याला आठवण येते. आपण काही करत नाही, ते आपल्यापर्यंत येतं. इटालियनमध्ये 'ची मांकेरा', शब्दशः 'आम्हाला तो उणा पडेल'. इंग्रजीच्या धाटणीने 'आम्ही' कर्ता धरून हेच क्रियापद चालवलं तर अर्थ उलटतो आणि आपणच कमी पडलो असं होतं. उत्साही मुलाच्या कागदावर नेमकं हेच झालं होतं. मराठीच्या मार्गाने गेलो असतो तर ही चूक करायला जागाच नव्हती. आणि बाईंचं म्हणणं, ह्या दोन शब्दांना विशेषण लावू नका, 'सतत', 'खूप' काही नको.

मग 'दुःखात सहभागी आहोत'. मी आपलं भीतभीत शब्दशः भाषांतर करून सांगितलं : सहभागी होणं, तुमच्या दुःखात. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पार्तेचिप्यामो आल व्होस्त्रो दोलोरे. हे तर आमचंच वाक्य आहे!" खरोखरच, तिथल्या वर्तमानपत्रांतल्या शोकसूचनांमध्ये आणि गावांतल्या भिंतींवर लागणाऱ्या काळ्या चौकटीच्या पत्रकांवर हेच क्रियापद असतं. 'कोंदोल्यान्त्से' ह्या नेहमीच्या शब्दाचाही मूळ लॅटिन अर्थ 'सोबत दुखणं' असाच आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या जे वाक्य यंत्रासारखं खरडतो, ते तिथे जसंच्या तसं नेऊन ठेवता येतं आणि घरचं वाटतं.

राहिलं शेवटचं वाक्य. 'मृतात्म्यास शांती देवो' ह्याला जवळचं 'रिपोझी इन पाचे' आहे, म्हणजे 'शांत विसावो'. पण ते प्रार्थनेतून आलेलं आहे. विधी चर्चमध्ये होता खरा, पण तेवढ्यावरून घरात श्रद्धा किती हे कळत नाही. कधीही चर्चला न जाणाऱ्यांचेही विधी तिथे चर्चमध्येच होतात. सहकाऱ्याने सहा वर्षांत देवाधर्माचा विषय एकदाही काढला नव्हता. आम्ही सह्या करणारे नऊ जण, त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि काहीच न मानणारे. मी ते वाक्य काढलं आणि त्या जागी 'व्ही स्यामो व्हिचीनी' आलं, म्हणजे 'आम्ही आपल्या जवळ आहोत'. हजार किलोमीटरवरून जवळ कसले, असं मनात आलं, पण हाही रूढ प्रयोग आहे, अंतर कुणी मोजत नाही. फक्त इथे लिंगवचन सांभाळावं लागतं : एकट्या पुरुषाने लिहिलं तर 'व्हिचीनो', एकट्या बाईने 'व्हिचीना', सगळ्या बायकाच असतील तर 'व्हिचीने', आणि मिश्र गट असेल तर 'व्हिचीनी'. सह्या अनेकांच्या आणि विशेषण एकवचनी, असं झालं की मजकूर कुठून तरी उचलला आहे हे लगेच उघड होतं.

शेवटी गेलेला मजकूर असा :

"आल्ला फामील्या ...
आब्ब्यामो आप्प्रेझो कोन प्रोफोंदो दोलोरे ला नोतीत्स्या देल्ला स्कोम्पार्सा देल नोस्त्रो कारो ...
पेर सेई आन्नी आब्ब्यामो लाव्होरातो इन्स्येमे आ लुई, ए मोल्ती दी नोई आन्नो इंपारातो इल मेस्त्येरे ग्रात्स्ये आल्ला सुआ पात्स्येन्त्सा. ची मांकेरा.
पार्तेचिप्यामो कोन आफ्फेत्तो आल व्होस्त्रो दोलोरे ए व्ही स्यामो व्हिचीनी.
इ कोल्लेगी दी रेडिंग"

तिसऱ्या ओळीचा अर्थ : सहा वर्षं आम्ही त्याच्यासोबत काम केलं, आणि आमच्यातले बरेच जण त्याच्या संयमामुळे हा धंदा शिकले. 'पात्स्येन्त्सा' म्हणजे संयम, सबुरी. ह्या एका ओळीवर बाईंनी हात लावला नाही. बाकी सगळा मजकूर कुणीही कुणालाही पाठवू शकेल असा आहे, आणि तो तसाच असावा, कारण दुःखात माणसाला ओळखीचे शब्द लागतात. पण एक ओळ अशी हवी की जी फक्त ह्याच माणसाबद्दल लिहिता येईल. दोन ओळी केल्या असत्या तर ते भाषण झालं असतं.

पाठवताना जे सांभाळलं ते तांत्रिक आहे, पण महत्त्वाचं. ऑफिसच्या इटालियन पत्रव्यवहारात शेवटी 'कोर्द्याली सालूती' लिहायची इतकी सवय असते की हात आपोआप तिकडे जातो. तो व्यवहारातला 'कळावे' आहे, इथे नको. वर 'ब्वोनजोर्नो'ही नको, 'शुभ दिवस' कसला? मेलखाली आपोआप चिकटणारी कंपनीची जाहिरात आणि गोपनीयतेची सूचना काढून टाकली. आणि अक्षरांचा प्रश्न. ह्या मजकुरात आघातचिन्ह असलेलं एकच अक्षर आहे, 'मांकेरा'मधला शेवटचा 'आ'. आमच्याकडची एक जुनी मेल व्यवस्था यूटीएफ-८ नीट हाताळत नाही आणि असं अक्षर दिसलं की त्या जागी प्रश्नचिन्ह टाकते. म्हणजे 'तो आम्हाला उणा पडेल' ह्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह! म्हणून आधी बाईंच्या घरच्या पत्त्यावर पाठवून पाहिलं, त्यांनी फोनवर बरोबर दिसतंय म्हणून सांगितलं, आणि मग तोरिनोला पाठवलं. सोबत पीडीएफही जोडली, छापणाऱ्याच्या मशीनवर काही बदलायला नको.

फुलं पाठवायची सूचनाही आली होती. इथे एक सांगून ठेवतो : इटलीत शेवंती हे मृतांचं फूल आहे, २ नोव्हेंबरला सगळ्या दफनभूमी शेवंतीने भरलेल्या असतात. अंत्यविधीला ती चालते, पण आपल्याकडची वेणीतली शेवंती आठवून तिथे कुणाच्या घरी जेवायला जाताना घेऊन जाऊ नका. आम्ही मात्र तोरिनोच्या ऑफिसने जे चक्र पाठवलं त्यातच वर्गणी दिली.

टीमचा संदेश गेल्यावर रात्री मी सहकाऱ्याच्या बायकोला वेगळी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, तिथे मात्र 'तू' वापरलं. तोरिनोत असताना तिच्या हातचं जेवलो आहे. पहिल्याच जेवणाला ती म्हणाली होती, 'द्यामोची देल तू', म्हणजे आता एकमेकांना अरे-तुरेच करू या. हा हक्क एकदा दिला की तो परत घेतला जात नाही. दुःखाच्या प्रसंगी आदर म्हणून 'लेई'वर गेलो असतो तर तिला वाटलं असतं, हा दूर सरकला. ह्या चिठ्ठीत 'कोंदोल्यान्त्से' नव्हतं, 'पार्तेचिप्यामो'ही नव्हतं. 'काय लिहावं कळत नाही. तुझी आणि मुलींची आठवण काढतोय', एवढंच.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. 'ग्रात्स्ये दी क्वोरे', मनापासून आभार, आणि पुढे एक ओळ : सासूबाईंना संदेश वाचून दाखवला, तर त्यांनी विचारलं, रेडिंगचे लोक त्याच्या संयमाबद्दल लिहितात, मग घरी तो कुठे जायचा?

इटलीत तिसाव्या दिवशीही चर्चमध्ये प्रार्थना होते, तिला 'त्रिजेसिमो' म्हणतात. तोरिनोच्या साहेबांनी तारीख कळवली, तेव्हा आम्ही पुन्हा शोकसंदेश लिहिला नाही. नऊ जणांच्या सह्यांनी दोनच शब्द पाठवले : 'व्ही पेन्स्यामो', आपली आठवण काढतो आहोत.